पेसेटा असताना आणि पेसेटा गेल्यावर: स्पेनची तीन संकटं आणि एकाच चलनाचा हिशोब

अनेक देशांनी मिळून एकच चलन वापरावं की नाही, हा प्रश्न अर्थशास्त्रात रॉबर्ट मुंडेल यांच्या १९६१ च्या एका छोट्या लेखामुळे नीट मांडला गेला. तिथूनच ‘इष्टतम चलनक्षेत्र’ ही कल्पना रुजली. कल्पना थोडक्यात अशी: एका भागाच्या मालाची मागणी घटली आणि दुसऱ्याच्या मालाची वाढली, तर दोघांची चलनं वेगळी असताना विनिमयदर बदलून तोल साधता येतो. चलन एकच असेल तर तोच तोल दुसऱ्या कशानं तरी साधावा लागतो. माणसं कामाच्या शोधात एका भागातून दुसऱ्यात गेली पाहिजेत, किंवा पगार आणि किमती खाली यायला तयार पाहिजेत. पुढे १९६९ मध्ये पीटर केनेन यांनी त्यात सामायिक सरकारी तिजोरीची भर घातली. एक भाग अडचणीत आला की दुसऱ्या भागाच्या करातून त्याच्याकडे पैसा जायला हवा.

ही कल्पना तपासायला मला स्पेनइतकं बोलकं उदाहरण दुसरं दिसत नाही. युरोच्या संकटात ग्रीसचं नाव आधी निघतं, पण ग्रीसच्या सरकारनं तुटीचे आकडेच चुकीचे दिले होते, त्यामुळे तिथे चलनाचा दोष कोणता आणि हिशोबातल्या लबाडीचा कोणता हे वेगळं करणं अवघड होतं. स्पेनचं तसं नाही. २००७ साली स्पेनच्या सरकारचं कर्ज जीडीपीच्या ३६ टक्के होतं आणि अंदाजपत्रकात चक्क शिल्लक होती. युरोच्या नियमांच्या कसोटीवर जर्मनीपेक्षाही तो सरस होता. शिवाय या एकाच देशानं तीस वर्षांत तीन मोठे धक्के झेलले: पहिला स्वतःचं चलन हाताशी असताना, दुसरा ते नसताना, आणि तिसरा ते नसताना पण बाकीची काही साधनं मिळाल्यावर.

पहिला धक्का: १९९२

स्पेनचं तेव्हाचं चलन पेसेटा जून १९८९ मध्ये युरोपच्या विनिमयदर यंत्रणेत गेला, म्हणजे जर्मन मार्काशी ठरावीक पट्ट्यात बांधला गेला. जर्मनीच्या एकीकरणानंतर तिथल्या मध्यवर्ती बँकेनं महागाई रोखायला व्याजदर चढवले आणि मार्काशी बांधलेल्या सगळ्यांनाच ते सोसावे लागले. स्पेनची महागाई जर्मनीपेक्षा जास्त, म्हणून स्पेनचा माल दरवर्षी थोडा थोडा महाग होत चालला होता. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड यंत्रणेबाहेर फेकला गेला त्याच वेळी पेसेटाचं ५ टक्के अवमूल्यन झालं, नोव्हेंबरमध्ये ६ टक्के, मे १९९३ मध्ये आणखी ८ आणि मार्च १९९५ मध्ये ७ टक्के.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय, ते एका सुट्या भागावर पाहू. समजा एक कारखाना मोटारीचा एक भाग ६,३०० पेसेटांना विकतो. १९९२ च्या सुरुवातीला एका मार्काला साधारण ६३ पेसेटा पडत, म्हणजे जर्मन ग्राहकाला तो भाग १०० मार्कांना मिळे. पुढे युरोसाठी दर कायमचे गोठवले गेले तेव्हा एका मार्काला ८५ पेसेटा होते. किमतीच्या पाटीवर ६,३०० च असले तरी जर्मन ग्राहकाला आता ७४ मार्कच मोजायचे. कारखान्यातल्या कुणाच्या पगारपत्रकाला हात लागला नाही, कुठल्या संघटनेशी वाटाघाट झाली नाही, घरकर्जाचा हप्ता आणि पगार दोन्ही पेसेटातच होते, म्हणून त्यांचं आपसातलं प्रमाणही ढळलं नाही. देशातल्या सगळ्यांनी आयात माल महाग घेऊन थोडी थोडी झळ सोसली.

१९९३ मध्ये स्पेनचा जीडीपी साधारण १ टक्क्यानं घटला आणि १९९४ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा २ टक्क्यांहून अधिक वेगानं वाढू लागली. मात्र या गोष्टीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. तीन अवमूल्यनं होऊनही १९९४ ला बेरोजगारी २४ टक्क्यांच्या आसपास होती. स्पेनच्या श्रमबाजारात दोन थर आहेत. एका थरात पक्क्या नोकरीतली माणसं, ज्यांना काढणं फार महाग, आणि दुसऱ्यात तात्पुरत्या करारावरची माणसं, ज्यांना करार संपताच घरी पाठवता येतं. धक्का बसला की तो जवळजवळ सगळा दुसऱ्या थरावर पडतो. चलन स्वतःचं असलं म्हणून हा दोष बरा होत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात सगळं खापर युरोवर फोडू नये, म्हणून हे इथेच नोंदवून ठेवतो.

युरोनं काय दिलं

१ जानेवारी १९९९ ला एक युरो म्हणजे १६६.३८६ पेसेटा असा दर कायमचा ठरला. फायदे खरे होते. चलन बदलण्याचा खर्च वाचला. युरोपीय आयोगानं १९९० मध्ये तो साऱ्या समुदायासाठी जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच धरला होता. निर्यातदाराला सहा महिन्यांनी मिळणारी रक्कम आज कळू लागली. व्यापार वाढला, पण सुरुवातीच्या काही अभ्यासांत सांगितला गेला होता त्याच्या कितीतरी कमी.

स्पेनसाठी सर्वांत मोठा लाभ वेगळाच होता: स्वस्त कर्ज. पेसेटा कधीही घसरू शकतो म्हणून स्पेनच्या कर्जावर सावकार जादा व्याज लावत. १९९५ च्या सुमारास तिथलं घरकर्ज ११ टक्क्यांच्या आसपास होतं. घसरणीची भीती युरोनं काढून टाकली आणि दशकभरात दर ३ टक्क्यांच्या जवळ आले. एका कुटुंबाला महिना ८४३ युरो हप्ता झेपतो असं धरू, मुदत ३० वर्षं. ११ टक्के व्याजानं त्या हप्त्यात साधारण ८८ हजार युरोंचं कर्ज मिळतं. ३ टक्क्यांनी त्याच हप्त्यात २ लाख मिळतं. पगार तोच, घर तेच, पण गाठीशी असलेली खरेदीची ताकद सव्वादोनपट. अशी लाखो कुटुंबं एकाच बाजारात उतरली तर घरांच्या किमतींचं काय होईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

एक व्याजदर, दोन देश

जून २००३ ते डिसेंबर २००५ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर २ टक्के होता. ही बँक साऱ्या युरोक्षेत्राची सरासरी पाहून दर ठरवते, आणि तेव्हा जर्मनी मरगळलेला होता, तिथे बेरोजगारी १० टक्क्यांच्या घरात. जर्मनीला तो २ टक्क्यांचा दरही जडच होता. स्पेनमध्ये महागाई ३ टक्क्यांच्या वर, म्हणजे महागाई वजा केली तर कर्जावर खरं व्याज जवळपास शून्य किंवा त्याखाली. ज्या देशाला ब्रेक हवा होता त्याच्या पायाखाली अॅक्सिलरेटर होता.

इथली मेख अशी की चूक आपोआप सुधारत नाही, उलट वाढत जाते. महागाई जास्त असलेल्या देशात खरा व्याजदर कमी, म्हणून कर्ज जास्त, म्हणून मागणी जास्त, म्हणून महागाई आणखी जास्त. १९९७ ते २००७ मध्ये स्पेनमधल्या घरांच्या किमती जवळपास तिप्पट झाल्या. २००६ साली एका वर्षात साडेसात लाखांहून अधिक घरांची बांधकामं सुरू झाली. दर आठ नोकरदारांपैकी एक जण बांधकामात होता. एवढ्या साऱ्या बांधकामाला स्पेनची बचत पुरेशी नव्हती. पैसा जर्मन आणि फ्रेंच बँकांकडून स्पेनच्या बँकांकडे आणि तिथून बिल्डरांकडे जात होता. चालू खात्यावरची, म्हणजे बाहेरच्या देशांशी होणाऱ्या व्यवहारांतली, तूट २००७ ला जीडीपीच्या १० टक्क्यांजवळ पोहोचली.

धोक्याची हीच घंटा होती, पण ती ऐकायची कुणाची जबाबदारी नव्हती. युरोचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराचे निकष सरकारी तूट आणि सरकारी कर्ज मोजत होते. स्पेनचं सरकारी खातं स्वच्छ होतं, कारण तेजीमुळे कर भरभरून येत होता. खाजगी कर्जाचा डोंगर मोजणारा निकषच नव्हता. एकच चलन असलं की बाहेरच्या देशांशी असलेली तूट ही आता ‘एका राज्याची दुसऱ्या राज्याशी’ असलेल्या तुटीसारखी बिनमहत्त्वाची झाली, असं मानणारे पुष्कळ होते. ती समजूत महागात पडली.

दरम्यान १९९९ ते २००८ मध्ये स्पेनमध्ये एक वस्तू तयार करण्यामागचा मजुरीचा खर्च सुमारे एक तृतीयांश वाढला आणि जर्मनीत तो जवळपास जागच्या जागी राहिला. पूर्वी अशी दरी मार्काच्या दरात दिसे आणि अवमूल्यनानं भरून निघे. आता दर दिसायलाच नव्हता.

दुसरा धक्का: पाटीवरचे आकडेच बदलायचे

२००८ मध्ये बाहेरून येणारा पैसा आटला आणि बांधकाम थांबलं. आता स्पेनला आपला माल जर्मनीच्या तुलनेत समजा २० टक्के स्वस्त करायचा आहे आणि पेसेटा नाही. मग एकच वाट उरते, तिला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात: पगार आणि किमती प्रत्यक्षात खाली आणणं. त्याला किती वेळ लागतो ते पाहा. जर्मनीत किमती वर्षाला १ टक्क्यानं वाढत असतील आणि स्पेनमध्ये त्या वर्षाला १ टक्क्यानं घटल्या, तर दरवर्षी फरक २ टक्के, म्हणजे २० टक्क्यांची दरी भरायला दहा वर्षं. जर्मनीनं ३ टक्के महागाई सोसली असती तर स्पेनला १ टक्का महागाई ठेवूनही तेच दहा वर्षांत जमलं असतं, कुठेही किमती न घटवता. पण जर्मनीवर तसं बंधन नव्हतं. ज्याची तूट आहे त्यानं आवळायचं, ज्याची शिल्लक आहे त्यानं सैल सोडायची सक्ती नाही, हा या व्यवस्थेतला मला सर्वांत अन्यायकारक वाटणारा भाग आहे.

आणि पगार कुणी हसत हसत कमी करून घेत नाही. मे २०१० मध्ये सरकारनं सरकारी नोकरांचे पगार सरासरी ५ टक्क्यांनी कापले. २०१२ च्या फेब्रुवारीत श्रमकायदे बदलून कंपन्यांना पगार ठरवण्यात अधिक मोकळीक दिली. मजुरीचा खर्च खाली आला, पण त्यातला मोठा वाटा आला तो बांधकामातली आणि इतर कमी उत्पादक कामं नाहीशी झाल्यामुळे. म्हणजे सरासरी सुधारली, कारण ज्यांची कामगिरी सरासरीखाली मोजली जात होती ती माणसं यादीतूनच गेली.

शिवाय पगार घटवला तरी कर्ज घटत नाही. वर ज्या कुटुंबाचं उदाहरण घेतलं, त्यांचा ८४३ चा हप्ता २,४०० च्या मासिक कमाईतून जात असेल आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेल्यानं कमाई १,३०० वर आली, तर हप्ता कमाईच्या ३५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर जातो. स्पेनच्या कायद्यात घराच्या किल्ल्या बँकेला परत केल्या म्हणून कर्ज फिटत नसे. लिलावात घर कमी किमतीला गेलं तर उरलेली रक्कम माणसाच्या मानगुटीवर राहायची. घरातून बाहेर काढल्यावरही लोक त्याच घराचं देणं देत राहिले. अवमूल्यनाच्या वाटेत पगार आणि कर्ज हातात हात घालून चालतात. अंतर्गत अवमूल्यनात ते एकमेकांना सोडतात.

एक गोष्ट मात्र युरोच्या बाजूनं मांडायला हवी. स्पेनची बहुतेक घरकर्जं युरिबोर या बदलत्या दराशी जोडलेली होती. तो २००८ च्या मध्यात साडेपाच टक्क्यांच्या जवळ होता आणि दीडेक वर्षात सव्वा टक्क्यावर आला, त्यामुळे ज्यांची नोकरी टिकली त्यांचे हप्ते चांगलेच उतरले. संकटात सापडलेल्या एकट्या पेसेटाला इतकं स्वस्त व्याज देता आलं असतं का, याची मला शंका आहे. पण युरोपीय मध्यवर्ती बँकेचा सामायिक दर एप्रिल आणि जुलै २०११ मध्ये दोनदा वाढवला गेला, जेव्हा जर्मनी जोरात होता आणि स्पेनमध्ये बेरोजगारी २० टक्क्यांच्या पुढे होती. सरासरीनं वागणाऱ्या बँकेकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही.

२०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी २७ टक्के झाली, सुमारे ६२ लाख माणसं. पंचविशीच्या आतल्यांत ती ५५ टक्क्यांहून जास्त. जीडीपी शिखरापासून तळापर्यंत सुमारे ९ टक्के घसरला आणि जुनी पातळी गाठायला २०१७ उजाडलं. मुंडेल यांच्या कसोटीनुसार माणसं निघून जायला हवी होती. काही गेलीही, मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेले कामगार मायदेशी परतले आणि शिकलेले तरुण जर्मनी-ब्रिटनकडे वळले. पण गवंडीकाम करणारा चाळिशीतला माणूस, डोक्यावर न विकलं जाणारं घर, जर्मन येत नाही, मुलं शाळेत, तो कुठे जाणार? अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याची भाषा आणि निवृत्तिवेतन बहुतांशी सोबत जातात. युरोपात कायद्यानं दार उघडं असलं तरी ही माणसं त्यातून मावत नव्हती.

तिजोरीचंही तसंच. अमेरिकेत फ्लोरिडामधली घरं कोसळली तेव्हा तिथल्या वृद्धांचं निवृत्तिवेतन, वैद्यकीय खर्च आणि बुडालेल्या बँकांच्या ठेवी यांचा भार वॉशिंग्टननं उचलला. युरोपीय संघाचं अंदाजपत्रक त्याच्या एकूण उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास आहे. स्पेनच्या बेरोजगारांचा भत्ता माद्रिदनं दिला, बँकाही माद्रिदनंच सावरल्या. २०१२-१३ मध्ये बँकांसाठी युरोपकडून सुमारे ४१ अब्ज युरो मिळाले, पण ते स्पेनच्या नावावरचं कर्ज म्हणून.

चलन नसलेल्या सरकारचं कर्ज

१९६१ च्या चर्चेत नसलेली एक गोष्ट या प्रकरणानं शिकवली. २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल द ग्रॉव यांनी स्पेन आणि ब्रिटन शेजारी ठेवून पाहिले. ब्रिटनचं सरकारी कर्ज जीडीपीच्या तुलनेत स्पेनपेक्षा कमी नव्हतं, तरी सावकार स्पेनकडून जास्त व्याज मागत होते. २०१२ च्या जुलैत स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा दर साडेसात टक्क्यांच्या वर गेला आणि ब्रिटनचा २ टक्क्यांच्याही खाली होता. ब्रिटनच्या रोखेधारकाला ठाऊक असतं की पौंड कमी पडले तर बँक ऑफ इंग्लंड ते पुरवेल. वाईटात वाईट म्हणजे पौंड घसरेल. स्पेनच्या रोखेधारकाला तशी खात्री नव्हती, कारण स्पेन युरो निर्माण करू शकत नाही.

मग भीतीच स्वतःला खरं करते. कर्ज जीडीपीच्या ८५ टक्के आणि व्याज २ टक्के असेल तर वर्षाचा बोजा जीडीपीच्या १.७ टक्के. सगळं कर्ज हळूहळू ७ टक्क्यांनी नव्यानं घ्यावं लागलं तर तोच बोजा जवळपास ६ टक्के. जो देश २ टक्क्यांनी सहज फेडू शकतो तोच ७ टक्क्यांनी बुडू शकतो, आणि बुडेल या भीतीनंच दर ७ होतो. दुखणं भीतीचं आहे की खऱ्या दिवाळखोरीचं, हे ओळखायची एक खूण असते: कुणीतरी पाठीशी उभं राहिलं तर दर किती झपाट्यानं उतरतो. २६ जुलै २०१२ ला लंडनमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी म्हणाले की आपल्या अधिकारात राहून बँक युरो टिकवण्यासाठी लागेल ते करील. सप्टेंबरमध्ये रोखेखरेदीची योजना जाहीर झाली. त्या योजनेतून आजवर एकही रोखा घेतला गेलेला नाही, तरी स्पेनचे दर उतरले. स्पेनचं अंदाजपत्रक त्या आठवड्यांत बदललेलं नव्हतं. म्हणजे आधीच्या वर्षभरातल्या कपातीचा मोठा भाग अशा भीतीपोटी झाला होता जी मध्यवर्ती बँकेला आधीच मोडता आली असती. हे वाचताना आजही जीव तुटतो.

तिसरा धक्का: २०२०

कोविडनं पर्यटनावर जगणाऱ्या स्पेनचा जीडीपी २०२० मध्ये सुमारे ११ टक्क्यांनी पाडला, २००९ पेक्षा कितीतरी जास्त. या वेळी मार्चमध्येच युरोपीय मध्यवर्ती बँकेनं प्रचंड रोखेखरेदी सुरू केली. कामगारांना नोकरीत ठेवून सरकारनं पगाराचा भाग द्यायच्या योजनेसाठी युरोपीय संघानं स्वस्त कर्ज दिलं. आणि ७५० अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी संघानं स्वतःच्या नावावर कर्ज काढून उभा केला, त्यातला मोठा भाग अनुदान म्हणून दिला. इटलीनंतर सर्वांत जास्त वाटा स्पेनचा. बेरोजगारी १६ टक्क्यांच्या आसपास थांबली आणि उतरू लागली. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण महामारी सगळ्यांवर एकदमच आली, तिला ‘स्पेनचीच चूक’ म्हणता येत नव्हतं, आणि टाळेबंदी उठल्यावर मागणी आपोआप परतणार होती. घरांचा फुगा फुटल्यावर तशी परतत नाही.

तरीही तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की माझं मत असं बनतं: २००८ नंतर स्पेनला सर्वांत महाग पडलं ते पेसेटा गमावणं एवढंच नव्हे, तर पेसेटा जाताना त्याच्याबरोबर गेलेल्या मध्यवर्ती बँकेच्या हमीच्या जागी दुसरं काही उभं न करणं आणि धक्का वाटून घेणारी सामायिक तिजोरीही न उभारणं. हमीची जागा २०१२ नंतर बऱ्याच अंशी भरली. नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांवरची देखरेख माद्रिदऐवजी फ्रँकफर्टहून होते. पण युरोपभर एकत्रित ठेव विमा आणण्याचा २०१५ चा प्रस्ताव अडकून पडला आहे, म्हणून स्पेनच्या बँकेतल्या ठेवीमागे आजही अखेर स्पेनचीच तिजोरी उभी आहे. पुनरुत्थान निधी एकदाच काढलेला होता. त्याची परतफेड २०५८ पर्यंत चालायची आहे आणि पुढच्या धक्क्याला तो पुन्हा उघडेलच असं कुठल्याही करारात लिहिलेलं नाही.